बँक तुमचा ताळेबंद पुन्हा मांडते

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सहज सापडेल अशी एक फाउंड्री धरून चालू. घरचीच खासगी मर्यादित कंपनी, वर्षाची विक्री २४ कोटी रुपये, माल पंप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यांना जातो. आजवर कास्टिंग ओतून झाले की मशीनिंगसाठी बाहेर जॉबवर्कला जायचे. आता मालकांना स्वतःची मशीनशॉप उभी करायची आहे. तीन व्हीएमसी आणि त्यांच्या जोडीची सामग्री मिळून खर्च ४ कोटी. त्यांपैकी ३ कोटींचे मुदत कर्ज बँकेकडे मागितले आहे आणि उरलेला १ कोटी घरच्यांनी घालायचा आहे. कंपनी आणि तिचे आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण अशी फाइल बँकेच्या टेबलावर नेहमीच असते.

या कंपनीचे डेट-इक्विटी, म्हणजे कर्जाचे स्वतःच्या भांडवलाशी प्रमाण किती? मालकांनी करून घेतलेल्या प्रकल्प अहवालात ते ०.७० आहे. ऑडिट झालेल्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये, नव्या कर्जाच्या आधीचे, १.६३ आहे. बँकेच्या क्रेडिट ऑफिसरने कच्च्या कागदावर काढलेले २.५० आहे. यांपैकी कोणाचीही बेरीज चुकलेली नाही. कर्ज कशाला म्हणायचे आणि भांडवल कशाला, यावर तिघांची तीन मते आहेत, आणि मंजुरी देण्याचा अधिकार ज्याच्याकडे त्याचे मत चालते. म्हणून अर्ज करण्याआधी बँकेच्या नजरेने आपलाच ताळेबंद एकदा मांडून पाहावा.

आधी कंपनीचा ३१ मार्चचा ताळेबंद पाहू. सगळे आकडे लाखांत आहेत. भागभांडवल १०० आणि राखीव निधी ३६०, म्हणजे कागदावरचे नेटवर्थ ४६०. नातेवाइकांनी कंपनीत ठेवलेले बिनतारणी कर्ज १५०. जुन्या भट्टीवरचे मुदत कर्ज २००. कॅश क्रेडिटची, म्हणजे सीसीची बाकी ४००. कच्चा माल देणाऱ्यांची देणी ३३० आणि किरकोळ देणी व तरतुदी ६०. ही झाली १६०० ची एक बाजू. दुसऱ्या बाजूला जागा, इमारत आणि यंत्रे ६२०, माल ३८०, गिऱ्हाइकांकडून येणे ४७०, रोकड २०, मालकांच्या भावाच्या फर्मला दिलेली बिनव्याजी रक्कम ६० आणि इतर ५०.

ऑडिटच्या टिपेतला १.६३ कुठून आला हे लगेच दिसते. १५०, २०० आणि ४०० मिळून सगळी कर्जे ७५०, त्यांना ४६० ने भागले. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून कंपन्यांना अकरा गुणोत्तरे टिपांमध्ये छापावी लागतात आणि एखादे आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलले तर कारणही द्यावे लागते. डेट-इक्विटी त्या अकरांत आहे. व्याज कव्हरेज नाही. त्यामुळे ते तुम्हाला छापील मिळत नाही, बँक स्वतः काढते.

मालकांच्या अहवालात सीसी कर्जात धरलेलीच नाही, कारण ती खेळत्या भांडवलासाठी आहे. इथवर बँकेचीही हरकत नसते. मुदत कर्जाच्या छाननीत डेट म्हणजे साधारणपणे लांब मुदतीची देणी, सीसी दुसऱ्या एका गुणोत्तरात येते. मालकांचे कर्ज म्हणजे जुने २०० आणि नवे ३००, एकूण ५००. भांडवलात मात्र त्यांनी ४६० च्या नेटवर्थला नातेवाइकांचे १५० जोडले आणि मार्जिनसाठी घरातूनच आणखी जे १०० उसने आणायचे होते तेही जोडले. ५०० भागिले ७१० म्हणजे ०.७०.

आता क्रेडिट ऑफिसरचा कागद. त्याने सुरुवात नेटवर्थपासून केली, आणि मला वाटते प्रत्येकाने तिथूनच करावी. कर्जाचा आकडा सहसा वादाचा नसतो, सगळी कापाकापी भांडवलात होते. ३६० च्या राखीव निधीत ८० लाख हे जागेच्या पुनर्मूल्यांकनाचे होते. काही वर्षांपूर्वी मूल्यांकनकाराकडून जागेची नवी किंमत काढून घेतली आणि वाढ राखीव निधीत टाकली. कंपनीत त्यातून एक रुपयाही आलेला नाही, म्हणून हे ८० वजा. भावाच्या फर्मला दिलेले ६० वजा, कारण धंद्याचे भांडवल धंद्याबाहेर गेलेले आहे आणि परत कधी येणार याची तारीख कुठेच लिहिलेली नाही. येण्यांतले २० लाख वर्षभराहून जुने निघाले. एका गिऱ्हाइकाशी माल नाकारण्यावरून वाद आहे. तेही वजा. राहिले ३००. बँकेच्या भाषेत हे मूर्त नेटवर्थ. कंपनीकडे गुडविल किंवा विकत घेतलेले सॉफ्टवेअर असते तर तेही यातून गेले असते.

पुनर्मूल्यांकनाची वजाबाकी कारखानदारांना फार लागते. एमआयडीसीचा प्लॉट पंचवीस वर्षांपूर्वी कवडीमोलाने घेतलेला असतो, आज त्याची किंमत कितीतरी पट झालेली असते, आणि बँक म्हणते ती धरणार नाही. पण बँक ती किंमत वाऱ्यावर सोडत नाही, तारणाच्या मूल्यांकनात ती पूर्ण येते. नेटवर्थमध्ये तिला घेत नाही, कारण तिथे प्रश्न वेगळा आहे. तोटा झाला तर तो सोसायला मालकांनी खरोखर घातलेला किंवा नफ्यातून मागे ठेवलेला पैसा किती, हे बँकेला पाहायचे असते. जागेची वाढीव किंमत तोटा सोसत नाही, त्यासाठी जागा विकावी लागते, आणि जागा विकली तर कारखाना कुठे चालवणार? या बाबतीत मी बँकेच्या बाजूचा आहे.

राहिले नातेवाइकांचे पैसे. मराठी मुलखातल्या घरगुती उद्योगांत हाच आकडा सगळ्यांत अवघड. आईच्या नावचे, मेहुण्याचे, कधी मालकाच्या स्वतःच्या नावचे, बारा टक्क्यांनी ठेवलेले पैसे. मालक म्हणतात, हे आमचेच आहेत, कुठे जाणार? ऑफिसर मागच्या तीन वर्षांचे खातेउतारे काढतो. ३१ मार्चला बाकी १५० असली तरी ऑक्टोबरमध्ये ती ९० पर्यंत उतरली होती, आदल्या वर्षी एका लग्नासाठी ४० लाख निघाले होते आणि मार्चमध्ये परत आले होते. जो पैसा गरजेला बाहेर जातो तो भांडवल नव्हे, घरचे असले तरी ते देणेच. म्हणून पहिल्या कच्च्या हिशेबात त्याने जुने १५० आणि प्रस्तावित १०० दोन्ही कर्जात टाकले. ५०० अधिक २५० म्हणजे ७५०, भागिले ३००. झाले २.५०.

त्याच कागदावर त्याने दुसरा भागाकारही केला. त्याला टीओएल-टीएनडब्ल्यू म्हणतात. बाहेरची सगळी देणी, म्हणजे मुदत कर्ज, सीसी, मालवाल्यांची देणी, तरतुदी, सारे मिळून १५४०, भागिले मूर्त नेटवर्थ ३००. उत्तर ५.१३. डेट-इक्विटी चांगले दाखवायला मुदत कर्जाऐवजी मालवाल्यांकडून उधारी लांबवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी हा भागाकार आहे. तो काढला की पैसे कोणाच्या खिशातून येत आहेत हे लपत नाही.

किती असले म्हणजे चालते, याचा एकच सरकारी आकडा नाही. प्रत्येक बँकेचे संचालक मंडळ आपले कर्जधोरण ठरवते आणि मर्यादा त्यात असतात. उत्पादन उद्योगांना मुदत कर्ज देताना डेट-इक्विटी २ च्या आत असले तर सहसा बोलणी सुरळीत होतात, लहान उद्योगांना ३ पर्यंत सूट मिळते. टीओएल-टीएनडब्ल्यू ३ ते ४ च्या आत पाहिले जाते. रिझर्व्ह बँकेने अशा गुणोत्तरांना क्षेत्रवार आकडे लावल्याचे ठळक उदाहरण २०२० चे. कोविडनंतरच्या कर्ज-पुनर्रचनेसाठी के. व्ही. कामत समितीच्या शिफारशींवरून २६ क्षेत्रांना पाच गुणोत्तरांच्या मर्यादा ठरवून दिल्या गेल्या. तो प्रसंग खास होता, नव्या कर्जाच्या मंजुरीचा नियम नव्हता. आपल्या फाउंड्रीला २.५० आणि ५.१३ घेऊन मंजुरी मिळणे मात्र कठीण, हे कोणत्याही धोरणात खरे.

इथे फाइल नाकारता आली असती. तसे झाले नाही, कारण दुसऱ्या गुणोत्तराने आशा दाखवली.

व्याज कव्हरेज म्हणजे व्याज आणि कर देण्याआधीचा नफा हा वर्षाच्या व्याजाच्या किती पट आहे. नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा ९६, व्याज ७८ आणि घसारा ६६ होता. ९६ मध्ये ७८ मिळवले की १७४. त्याला ७८ ने भागले की २.२३. घसाराही मिळवला तर २४० भागिले ७८, म्हणजे ३.०८. मालकांच्या अहवालात अर्थातच ३.०८ छापले होते. दोन्ही रीती बँकांत आणि पतमापन संस्थांत वापरात आहेत, त्यामुळे समोरचा कोणती वापरतो हे विचारून घ्यावे. फाउंड्रीसारख्या धंद्यात मला घसारा वजा केलेलाच आकडा पटतो. भट्टी, साचे आणि वाळूची यंत्रणा झिजते ती कागदावर नाही, खरोखर झिजते, आणि दर काही वर्षांनी तिथे पैसे घालावेच लागतात.

पण १७४ आणि ७८ हे दोन्ही आकडे खरे आहेत का, हे आधी तपासायचे. नफ्यात १२ लाख जुनी भट्टी विकून आलेले होते. पुढच्या वर्षी विकायला दुसरी जुनी भट्टी नाही, म्हणून ते वजा. इतर खर्चात ९ लाख ‘बिल डिस्काउंटिंग चार्जेस’ या नावाने बसले होते. गिऱ्हाइकाची बिले मुदतीआधी वटवून घेतली, त्याची ही किंमत आहे. नाव काहीही असो, हे व्याजच. ते खर्चातून काढून व्याजात टाकायचे, त्यामुळे नफाही तेवढाच वर जातो आणि व्याजही. १७४ मधून १२ गेले, ९ आले, राहिले १७१. व्याज ७८ आणि ९ मिळून ८७. कव्हरेज १.९७. भट्टीचा एकदाच मिळालेला नफा आणि वेगळ्या नावाने बसलेले व्याज, एवढ्यानेच २.२३ चे दोनच्या खाली आले.

व्याजाचा आकडा तपासायची एक सोपी युक्ती ऑफिसर लोक वापरतात आणि ती कोणालाही करता येते. कर्जाची बाकी घ्या आणि वर्षाचे व्याज तिच्यावर किती टक्के पडते ते पाहा. इथे सीसीवर ४० लाख व्याज, बाकी ४००, म्हणजे १० टक्के. मुदत कर्जावर २०, बाकी २००, पुन्हा १० टक्के. नातेवाइकांचे १८, बाकी १५०, बारा टक्के. बँकेचा दर दहाच्या आसपास असेल तर हिशेब जुळतो. समजा व्याज सहाच टक्के पडले असते, तर उरलेले व्याज कुठेतरी लपले आहे असा अर्थ. बहुधा नव्या इमारतीच्या किंवा यंत्राच्या किमतीत ते जोडले गेलेले असते. दीर्घ काळ चालणाऱ्या बांधकामासाठी लेखामानके तसे करू देतात, त्यात गैर काही नाही, पण बँकेला दिलेले ते व्याज खरेच गेलेले असते, म्हणून कव्हरेज काढताना ते परत मिळवतात. उलट, समजा सीसीची ३१ मार्चची बाकी २५० दिसली असती आणि व्याज ४० च असते. सोळा टक्के दराने कोणती बँक सीसी देते? मग समजायचे की वर्षभर बाकी चारशेच्या आसपास होती आणि ३१ मार्चच्या आदल्या आठवड्यात येणी ओढून, देणी थांबवून ती खाली आणली. ताळेबंद एका दिवसाचे चित्र असते, व्याज मात्र ३६५ दिवसांचे असते. म्हणून दोन्ही एकमेकांसमोर धरले की दिखावा उघडा पडतो.

हे सगळे झाले मागच्या वर्षाचे. बँकेला खरी काळजी पुढच्या वर्षाची असते, कारण १.९७ मध्ये नव्या कर्जाचे व्याज अजून आलेलेच नाही.

पहिला हिशेब सर्वांत वाईट धरून करायचा. यंत्रे आली, बसली, आणि त्यांनी एक रुपयाही कमावला नाही असे समजा. व्याज ८७ अधिक ३०, म्हणजे ११७. नव्या चारशे लाखांच्या यंत्रांवर घसारा साधारण २५ लाख येईल, तेवढा नफा कमी, १७१ चे १४६. भागाकार १.२५. म्हणजे मशीनशॉप पूर्ण फसली तरी जुना धंदा दोन्हींचे व्याज भरू शकतो. ऑफिसरला इथे जो दिलासा मिळाला तोच फाइल जिवंत ठेवणारा ठरला. हा आकडा एकच्या खाली गेला असता तर कर्जाचे व्याज भरायला आणखी कर्ज लागले असते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक स्थैर्य अहवालांतही व्याज कव्हरेज एकच्या खाली असणे हे कंपनी कमकुवत असल्याचे लक्षण धरले गेले आहे.

दुसरा हिशेब मालकांच्या अंदाजावरून. बाहेरच्या जॉबवर्कचे पैसे वाचून आणि मशीनिंग केलेल्या मालाला जास्त भाव मिळून वर्षाला ११० लाख वाढतील, असे अहवालात होते. ऑफिसरने पहिल्या वर्षासाठी त्याचे निम्मे धरले. यात तुसडेपणा नाही. व्हीएमसी बसवून, प्रोग्रॅम आणि फिक्स्चर तयार करून, नमुने गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घेण्यात महिने जातात आणि तोवर ऑपरेटरचा पगार चालू असतो. घसारा आणि व्याजाआधीचा नफा २३७ अधिक ५५, म्हणजे २९२. जुना-नवा मिळून घसारा ९१ वजा, राहिले २०१. व्याजात मात्र एक गोष्ट मालकांनी धरली नव्हती. धंदा वाढला की माल आणि येणीही वाढतात, सीसी ८० लाखांनी वाढवावी लागेल आणि तिचे ८ लाख व्याज येईल. एकूण व्याज १२५. भागाकार १.६१. मार्जिनचे १०० लाख घरातून बारा टक्क्यांनी उसने आणले असते तर व्याज १३७ झाले असते आणि कव्हरेज १.४७ वर आले असते.

हे लक्षात घेण्यासारखे आहे. मालक त्या शंभर लाखांना एका कागदावर भांडवल म्हणत होते आणि दुसऱ्या कागदावर त्यांच्यावर व्याज देणार होते. ज्याला दर तिमाहीला व्याज द्यावे लागते त्याने डेट-इक्विटीत भांडवलाची जागा घेतली, तर ते व्याज कव्हरेजमध्ये येऊन बसते. एका गुणोत्तरात झाकलेले दुसऱ्यात उघडे पडते, म्हणून बँक दोन्ही शेजारी मांडून वाचते. एकट्या गुणोत्तरावर मंजुरी देणारा किंवा नाकारणारा ऑफिसर आळशी समजावा.

व्याजदर वाढला तर काय, हाही भागाकार करून ठेवायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. तशी अडीच टक्क्यांची वाढ पुन्हा आली असे धरले, तर आपल्या कंपनीच्या ९८० लाखांच्या बँककर्जावर वर्षाला साडेचोवीस लाख व्याज वाढते आणि कव्हरेज १.६१ वरून १.३४ वर येते. तरीही एकच्या वर आहे. बहुतेक बँकांना दीड ते दोनच्या आसपास आकडा हवा असतो, पण असा धक्का पचवून एकच्या वर राहणारा दीड हा काठावरच्या दोनपेक्षा बरा, असे माझे मत आहे.

मग ऑफिसरने मालकांना आणि त्यांच्या सीएना बोलावले. चर्चा पैशाच्या जागेवर झाली. भावाच्या फर्मकडचे ६० लाख परत आणा आणि यंत्रांच्या मार्जिनमध्ये घाला. उरलेले ४० भागभांडवल म्हणून घाला, उसने नको. नातेवाइकांच्या १५० पैकी १०० लाख कर्ज फिटेपर्यंत काढणार नाही, आणि त्यावरचा हक्क बँकेच्या नंतरचा राहील, असे हमीपत्र द्या. उरलेले ५० आम्ही कर्जच धरू.

आता पुन्हा भागाकार करा. मूर्त नेटवर्थ ३०० अधिक परत आलेले ६०, अधिक नवे ४०, म्हणजे ४००. हमीपत्राचे १०० लाख बँक आता भांडवलासारखे धरते, म्हणजे ५००. मुदतीचे कर्ज ५०० आणि नातेवाइकांचे ५०, म्हणजे ५५०. डेट-इक्विटी १.१०. बाहेरची सगळी देणी, वाढीव सीसीसह, १४२० भागिले ५००, म्हणजे २.८४. कंपनीत नव्याने आलेली रक्कम १०० लाखच आहे, आधीच्या योजनेत होती तेवढीच. फक्त ती कोणत्या वाटेने आली आणि किती काळ थांबणार हे बदलले, आणि २.५० चे १.१० झाले.

भावाच्या फर्मचे साठ लाख दोनदा उपयोगी पडले हेही पाहा. ते बाहेर होते तोवर नेटवर्थमधून वजा होत होते. परत आल्यावर ती वजाबाकी थांबली आणि मार्जिनचा मोठा भाग बिनव्याजी मिळाला. घरच्या दोन-तीन फर्म असलेल्या कुटुंबांत अशा अडकलेल्या रकमा नेहमी सापडतात. नव्या पैशाच्या शोधात निघण्याआधी ताळेबंदाची येण्यांची बाजू वाचावी.

एवढे करूनही फाइलमध्ये एक अडचण उरली होती आणि ती या दोन्ही गुणोत्तरांना दिसत नाही. व्याज कव्हरेज फक्त व्याज मोजते, मुद्दलाचा हप्ता मोजत नाही. जुन्या कर्जाचा वर्षाचा हप्ता ६० लाख होता. नवे कर्ज पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर आणखी ६०. २०१ मधून व्याज १२५ आणि साधारण पंचवीस टक्के कर गेला की निव्वळ नफा ५७ राहतो. त्यात घसारा ९१ आणि मुदत कर्जांचे व्याज ५० मिळवले की फेडीसाठी हाताशी १९८. द्यायचे आहेत हप्ते १२० आणि व्याज ५०, म्हणजे १७०. हे डीएससीआर, म्हणजे कर्जफेडीची क्षमता, १.१६. बँकांना इथे सहसा निदान सव्वा हवा असतो. म्हणजे कव्हरेज १.६१ चे बरे दिसत असताना हप्त्यांच्या दिवशी हात आखडणार होता. उपाय रक्कम कमी करण्याचा नव्हता, मुदतीचा होता. सात वर्षे दिली की नवा हप्ता ४३ वर येतो, एकूण द्यायचे १५३ आणि उत्तर १.२९. कर्ज सात वर्षांसाठी, सुरुवातीला फक्त व्याज भरण्याची काही महिन्यांची सवलत देऊन मंजूर करता आले.

या हिशेबांच्या मर्यादाही आहेत. डेट-इक्विटी एका दिवसाच्या ताळेबंदावर चालते आणि व्याज कव्हरेज वर्षाच्या बेरजेवर. पंपांची मागणी वर्षभर सारखी नसते, त्यामुळे मंदीच्या महिन्यांत व्याज भरताना सीसी काठोकाठ भरते, हे १.६१ सांगत नाही. ते बँकेला खात्याच्या उताऱ्यात दिसते. एकाच गिऱ्हाइकाकडे निम्मा माल जात असेल तर तोही धोका कोणत्याच भागाकारात नाही. आणि सेवा व्यवसायाला किंवा व्यापाऱ्याला हेच आकडे लावले तर चुकीचा निकाल निघेल. व्यापाऱ्याकडे यंत्रे नसतात, मुदत कर्ज थोडे असते, त्याचे डेट-इक्विटी सुंदर दिसते आणि सगळा भार मालवाल्यांच्या देण्यांवर असतो.

मंजुरीपत्र हातात आले की रकमेच्या आणि दराच्या खालच्या अटी वाचा. डेट-इक्विटी अमुकच्या आत आणि कव्हरेज अमुकच्या वर राखण्याची अट तिथे असते, ती दरवर्षी ऑडिट झालेल्या ताळेबंदावरून तपासली जाते, आणि नातेवाइकांचे हमीपत्रातले पैसे काढले तर ती मोडू शकते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर बँका दंडाची रक्कम व्याजदरात मिसळू शकत नाहीत, ती वेगळा आकार म्हणूनच लावावी लागते. ती कोणत्या अटीसाठी आणि किती लागेल, ते सही करण्याआधी शाखेतून लिहून घ्या. आणि ज्यांचे पैसे हमीपत्राने सात वर्षे अडकणार आहेत, त्या घरच्यांना अर्ज देण्याच्या आधीच विचारा.